व्हिसा आणि ट्रॅव्हल इन्शुरन्सची चेकलिस्ट क्लायंटला कशी पाठवायची: एक लांबलचक मेल नको, तीन छोटे पाठवा

आपल्यातले बरेच जण, म्हणजे ठाणे, डोंबिवली, वाशी, पनवेल इकडे छोटं ट्रॅव्हल ऑफिस चालवणारे, क्लायंटने ॲडव्हान्स दिला की व्हिसा अर्ज घेणाऱ्या सेंटरच्या साइटवरची चेकलिस्ट कॉपी करतात, मेलमध्ये पेस्ट करतात, खाली "काही शंका असल्यास फोन करा" लिहितात आणि पाठवून देतात. मग क्लायंट दुसऱ्याच दिवशी उत्साहाने बँकेत जाऊन स्टेटमेंटवर शिक्का मारून आणतो, जे अपॉइंटमेंटपर्यंत शिळं होणार असतं, आणि बाबांचा पासपोर्ट संपत आलाय हे मात्र दीड महिन्याने कळतं. यादी बरोबर होती, क्रम चुकला.

डॉक्युमेंट्स दोन प्रकारची असतात. काही मिळायलाच वेळ लागतो (पासपोर्ट रिन्यू, लग्नाचं सर्टिफिकेट, ऑफिसचं एनओसी) आणि काही लवकर काढली तर शिळी होतात (बँक स्टेटमेंट, सॅलरी स्लिप). एकाच मेलमध्ये दोन्ही कोंबली की माणूस सोपं काम आधी करतो, आणि सोपं काम हेच बहुतेक वेळा शेवटी करायचं असतं. म्हणून मेल तीन करा. कसे ते एका फाईलवर दाखवते.

आपली फाईल

घोडबंदर रोडवरचं कुटुंब, पाच जण. बाबा ६८ वर्षांचे, सरकारी नोकरीतून रिटायर, डायबेटिस आहे. आई गृहिणी. मुलगा ऐरोलीला आयटी कंपनीत. सून घरी ट्यूशन क्लासेस घेते, पासपोर्ट माहेरच्या नावाचा. नातू ७ वर्षांचा. पॅरिस आणि स्वित्झर्लंड, ९ रात्री. मुंबईहून फ्लाइट ८ मे पहाटे १:४० ला, १७ मे ला संध्याकाळी झुरिकहून परत, १८ ला सकाळी मुंबईत. शेंगेन व्हिसा. अमेरिका किंवा यूकेची यादी वेगळी असते, इथलं उचलून तिथे लावू नका.

## टप्पा १: मेल लिहिण्याआधी एक फोन

हा फोन बरेच जण गाळतात आणि मग मेलवर मेल चालू राहतात. दहा मिनिटं लागतात. घरातल्या प्रत्येकाबद्दल वेगळं विचारायचं, "तुम्ही सगळे काय करता" असं एकत्र नाही. मी हे विचारते: पासपोर्टवर नाव काय आहे, अगदी छापलंय तसं, पासपोर्ट कधी दिला आणि कधी संपतो, काम काय, नोकरी, धंदा, पेन्शन की घरी, खर्च कोण करणार, आधी शेंगेन, यूके, अमेरिका कुठला व्हिसा होता का, आणि कधी रिजेक्ट झालाय का. रिजेक्शनचं स्पष्टच विचारा. लोक लाजेने सांगत नाहीत, आणि आधीचा शेंगेन अर्ज त्यांच्या सिस्टिममध्ये दिसतोच.

आधी व्हिसा मिळाला असेल तर जुना पासपोर्टही मागवा. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल झालाय, मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळवून नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा मिळू शकतो. पण ते व्हिसे जुन्या पासपोर्टात असतात आणि जुना पासपोर्ट कपाटात.

तपासा: देश नक्की कुठला? जिथे रात्री जास्त त्या देशाकडे अर्ज करायचा. आपल्या फाईलमध्ये पॅरिस ४ रात्री आणि स्वित्झर्लंड ५, म्हणून अर्ज स्वित्झर्लंडकडे. क्लायंटने मध्येच "पॅरिसला एक दिवस वाढवू, डिस्नेलँड करायचंय" म्हटलं आणि ५-४ झालं की अर्ज फ्रान्सकडे जातो. चेकलिस्ट वेगळी, फॉर्म वेगळा, अपॉइंटमेंट वेगळी. रात्री सारख्याच असतील तर ज्या देशात आधी पाऊल ठेवणार तो. त्यामुळे रात्रींचा हिशोब क्लायंटकडून लेखी फायनल झाल्याशिवाय पहिला मेलसुद्धा पाठवू नका. आणि कोणी मध्ये लंडन घुसवत असेल तर वेळीच सांगा, लंडनला हा व्हिसा चालत नाही, तिथला वेगळा काढावा लागतो आणि तोवर पासपोर्ट अडकलेला असतो.

## टप्पा २: तारखा उलट्या मोजा

क्लायंटला "लवकरात लवकर पाठवा" लिहिलं की त्याचा अर्थ "पुढच्या रविवारी बघू" असा होतो. तारीख द्या. ती काढायची कशी बघा.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस करता येतो. निकालाला साधारण १५ दिवस, पण गरज पडली तर ४५ दिवसांपर्यंत नेऊ शकतात. म्हणून मी १५ धरतच नाही, ४५ धरते. ८ मे ची फ्लाइट, तर अपॉइंटमेंट १० मार्चच्या आसपास. ४५ दिवस पूर्ण लागले तरी २४ एप्रिल येतो आणि हातात दोन आठवडे राहतात. उन्हाळ्याच्या सुट्टीचा सीझन असल्याने स्लॉट मिळायची मारामारी असते, म्हणून स्लॉट आधी बघून ठेवायचा, डॉक्युमेंट्स जमल्यावर नाही.

तर मेलच्या तारखा अशा: पहिला मेल जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, दुसरा (इन्शुरन्सचा) टिकीट-हॉटेल ठरल्यावर, म्हणजे साधारण १५ फेब्रुवारीला, आणि तिसरा १ मार्चला.

## टप्पा ३: पहिला मेल, वेळ लागणारी कागदपत्रं

या मेलमध्ये बँकेचा "ब" सुद्धा लिहायचा नाही. लिहिलात की तो सगळ्यात आधी तेच करेल.

आणि यादी माणसागणिक करा. "नोकरदारांसाठी / व्यावसायिकांसाठी / निवृत्तांसाठी" असे गट पाडून पाठवलं तर क्लायंटला स्वतःला शोधत बसावं लागतं, आणि ट्यूशन घेणारी सून स्वतःला व्यावसायिक समजतच नाही, ती गृहिणीच्या यादीतलं पाठवून देते. आपल्या फाईलचा पहिला मेल असा जाईल:

> विषय: स्वित्झर्लंड व्हिसा, मेल १/३: ही कामं आत्ता सुरू करा (शेवटची तारीख १० फेब्रुवारी)
>
> नमस्कार सर,
>
> एकूण तीन मेल येतील. या पहिल्या मेलमध्ये फक्त वेळ लागणारी कामं आहेत. यात नाही ते काही आत्ता काढू नका, ते पुढच्या मेलमध्ये सांगेन.
>
> सगळ्यांसाठी: पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, दोन्ही एकाच पीडीएफमध्ये. जुने पासपोर्ट असतील तर ते शोधून ठेवा.
>
> बाबा: पासपोर्ट जुलैमध्ये संपतोय, रिन्यू करावा लागेल. या आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या. पेन्शन ऑर्डरची कॉपी शोधून ठेवा.
>
> आई: लग्नाचं सर्टिफिकेट. नसेल तर लगेच कळवा.
>
> तुम्ही: कंपनीचं रजेचं आणि एनओसीचं पत्र. एचआरला आजच रिक्वेस्ट टाका. मजकूर सोबत जोडलाय.
>
> मॅडम: लग्नाचं सर्टिफिकेट. क्लासेसचं गुमास्ता किंवा उद्यम रजिस्ट्रेशन असेल तर त्याची कॉपी, नसेल तर "नाही" एवढंच लिहा. मागच्या ३ वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न.
>
> बाळ: जन्माचा दाखला, इंग्रजीत. पासपोर्ट कधी संपतो ते बघून कळवा.
>
> एक-एक जसं होईल तसं पाठवा, सगळं जमायची वाट बघू नका.

आता यातल्या चार गोष्टींवर थोडं थांबते कारण गाडी इथेच अडते.

पासपोर्ट. क्लायंटचा हिशोब असतो की ट्रिप मे मध्ये आणि पासपोर्ट जुलैपर्यंत आहे, मग काय प्रॉब्लेम. प्रॉब्लेम असा की शेंगेनमधून बाहेर पडायच्या तारखेनंतर किमान ३ महिने पासपोर्ट चालू हवा. १७ मे ला बाहेर, म्हणजे कमीत कमी १७ ऑगस्ट. बाबांचा जुलै, म्हणजे फाईल उघडायच्या आधीच बंद. शिवाय पासपोर्ट मागच्या १० वर्षांत दिलेला हवा आणि किमान २ पानं कोरी हवीत. मेलमध्ये हा नियम समजावत बसू नका, तारीख तुम्हीच काढा आणि सरळ "रिन्यू करा" लिहा. लहान मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो हे आई-बाप हमखास विसरतात, स्वतःचा दहा वर्षांचा असतो ना, त्यामुळे.

थांबा: रिन्यू केला की पासपोर्ट नंबर बदलतो. नवा पासपोर्ट हातात येईपर्यंत त्या माणसाचा इन्शुरन्स आणि व्हिसा फॉर्म करू नका. नाहीतर प्रत्येक कागदावर जुना नंबर आणि हातात नवं पुस्तक.

लग्नाचं सर्टिफिकेट. आपल्याकडे मागच्या पिढीत कितीतरी जणांनी हे काढलेलंच नाही, हॉलची पावती आणि पत्रिका आहे फक्त. आईंच्या बाबतीत आधी पासपोर्टचं शेवटचं पान बघा, तिथे जोडीदाराचं नाव असेल तर थोडं हायसं वाटतं, पण सर्टिफिकेट मागितलं असेल तर ते द्यावंच लागतं, आणि महापालिकेत नोंदणी करायला साक्षीदार, फोटो, चकरा हे सगळं आलंच. सुनेचं वेगळं आहे. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, बँक खातं सासरच्या नावाचं, आधार तिसऱ्याच स्पेलिंगचं. पासपोर्ट बदलायची गरज नसते, माहेरच्या नावाने प्रवास करता येतो, पण टिकीट, हॉटेल, इन्शुरन्स, फॉर्म सगळीकडे नाव पासपोर्टवरचंच हवं, आणि दोन नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला लग्नाचं सर्टिफिकेट जोडायचं. कव्हरिंग लेटरमध्येही एक ओळ टाकायची.

ऑफिसचं पत्र. मोठ्या आयटी कंपन्यांत एचआर पोर्टलवरून एक ठरावीक पत्र बाहेर पडतं, त्यात नाव आणि जॉइनिंग डेट एवढंच असतं. आपल्याला लेटरहेडवर हुद्दा, कधीपासून नोकरी, पगार, मंजूर रजेच्या तारखा, परत कामावर रुजू होणार हे वाक्य, सही, आणि सही करणाऱ्याचं नाव-फोन हे सगळं हवं. म्हणून मजकूर तुम्हीच लिहून द्या, क्लायंट तो एचआरला फॉरवर्ड करतो आणि एक फेरी वाचते.

जन्माचा दाखला. फक्त मराठीतला असेल तर इंग्रजी भाषांतर लागेल. आई-वडिलांपैकी एकजण येणार नसेल तर त्यांचं नोटराइज्ड संमतीपत्रही पहिल्याच मेलमध्ये मागायचं. आपल्या फाईलमध्ये दोघंही जातायत, तरी मुलाच्या फॉर्मवर पालकांची सही लागते, हे तिसऱ्या मेलसाठी लिहून ठेवा.

## टप्पा ४: दुसरा मेल, फक्त इन्शुरन्स

इन्शुरन्स चेकलिस्टच्या तळाशी "१४. ट्रॅव्हल इन्शुरन्स" अशा एका ओळीत टाकला की काय होतं? क्लायंट ऑनलाइन सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेतो आणि पीडीएफ पाठवतो. तीन गोष्टी चुकलेल्या असतात: रक्कम, तारखा, आजार.

रक्कम. शेंगेनला किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं, त्यात आजारपण, इमर्जन्सी हॉस्पिटल, आणि आजारी माणसाला किंवा पार्थिवाला भारतात परत आणण्याचा खर्च आला पाहिजे, आणि ते सगळ्या शेंगेन देशांत चालायला हवं, फक्त स्वित्झर्लंडपुरतं नाही. आपल्याकडे पॉलिसी बऱ्याचदा डॉलरमध्ये असतात. ३०,००० डॉलर म्हणजे ३०,००० युरो नव्हे, डॉलर स्वस्त आहे. ५०,००० डॉलरचा प्लॅन घेतला की व्हिसाचा प्रश्न मिटतो, वयस्कर माणसांना मी त्याहून मोठाच सुचवते.

तारखा. मुंबईहून युरोपच्या फ्लाइट्स मध्यरात्रीनंतर सुटतात हे या सगळ्या घोळाचं मूळ. टिकिटावर ८ मे, घरातून निघणार ७ च्या रात्री, म्हणून घरात सगळे "आम्ही ७ ला जातोय" म्हणतात. परतीला उलटं, झुरिकहून १७ ला निघून मुंबईत १८ ला. मग क्लायंट ७ ते १७ पॉलिसी काढतो, दिवस ११ च होतात, बरोबर वाटतं, पण शेवटचा दिवस उघडा राहतो. आपली पॉलिसी ८ ते १८ मे हवी. मी क्लायंटला तारीख विचारतच नाही, टिकिटावरून मीच लिहिते आणि "बरोबर आहे ना?" एवढं विचारते.

आजार. हा नाजूक भाग आहे. बाबांना डायबेटिस आहे हे फोनवर सुनेने सांगितलेलं असतं आणि प्रपोजल फॉर्मवर मुलाने "नाही" टिक केलेलं असतं, प्रीमियम वाढेल किंवा पॉलिसीच मिळणार नाही या भीतीने. व्हिसाला याने काही फरक पडत नाही, व्हिसा अधिकारी फक्त कव्हर आणि तारखा बघतो. फरक पडतो तिकडे हॉस्पिटलमध्ये, कारण लपवलेल्या आजाराशी संबंध जोडला गेला की क्लेम नाकारला जातो. सांगितलेला आजारसुद्धा प्रत्येक प्लॅनमध्ये कव्हर असतोच असं नाही, काहींमध्ये फक्त जिवावर बेतलं तरच, काहींमध्ये ठरावीक रकमेपर्यंत, आणि साठीच्या पुढे हॉस्पिटलच्या खर्चावर वेगवेगळ्या मर्यादा असतात. पॉलिसीतला तो भाग क्लायंटला दाखवून घ्या, तोंडी "हो हो सगळं कव्हर आहे" म्हणू नका.

मेल असा:

> विषय: मेल २/३: इन्शुरन्ससाठी ही माहिती (२० फेब्रुवारीपर्यंत)
>
> पॉलिसीच्या तारखा: ८ मे ते १८ मे (टिकिटाप्रमाणे). बरोबर आहे ना?
>
> प्रत्येकाबद्दल वेगळं उत्तर द्या, "नाही" असेल तर "नाही" लिहा:
>
> १. बीपी, शुगर, थायरॉइड, हार्ट, दमा, किडनी यातलं काही? कधीपासून?
> २. रोज चालू असलेल्या गोळ्यांची नावं (पाकिटाचा फोटो चालेल)
> ३. मागच्या काही वर्षांत ऑपरेशन किंवा ॲडमिट? डिस्चार्ज कार्ड पाठवा
> ४. नॉमिनीचं नाव आणि नातं
> ५. इकडचा एक फोन नंबर, जो या प्रवासात येत नाहीये अशा माणसाचा
>
> बाबांसाठी: डॉक्टरांकडून औषधांचं इंग्रजी प्रिस्क्रिप्शन घ्या. ते प्रवासात हँडबॅगेत ठेवायचं आहे.

"प्रत्येकाबद्दल वेगळं" हे ठळक लिहा. नाहीतर "सगळे फिट आहेत" असं एका ओळीचं उत्तर येतं, आणि वेळ आली तर तीच ओळ पुरावा म्हणून समोर येते.

तपासा: पॉलिसी आली की नाव, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख अक्षर-अक्षर जुळवा. प्रदेश बघा, "आशिया" निवडलेला असतो कधीकधी कारण वेबसाइटवर तोच पहिला पर्याय असतो. व्हिसा नाकारला तर पॉलिसी रद्द करून पैसे परत मिळतात का, किती कापतात, हे त्याच कंपनीच्या अटींतून बघून क्लायंटला आधीच लिहून कळवा.

## टप्पा ५: तिसरा मेल, ताजी कागदपत्रं

आता बँक. अपॉइंटमेंट १० मार्च, मेल १ मार्चला, कागद ७ मार्चपर्यंत.

बँक स्टेटमेंट किती महिन्यांचं ते सेंटरच्या त्या दिवशीच्या यादीत बघा, देशागणिक ३ किंवा ६ असतं. क्लायंटला मात्र नेमकं लिहा: "१ डिसेंबर ते आजपर्यंतचं पूर्ण स्टेटमेंट, बँकेचा शिक्का आणि सही प्रत्येक पानावर. पासबुकची झेरॉक्स चालणार नाही. ॲपमधला स्क्रीनशॉट चालणार नाही." हे शेवटचे दोन नकार लिहायलाच लागतात. सहकारी बँकेत खातं असेल तर शिक्क्याला अर्धा दिवस धरा, शनिवारी गेलात तर दुसरा-चौथा शनिवार आहे का ते बघून जा.

आणि एक, पैसे भरून बॅलन्स फुगवायचा सल्ला देऊ नका. अपॉइंटमेंटच्या आठवडाभर आधी मेहुण्याकडून चार लाख आले की स्टेटमेंटवर ती एंट्री एकटी चमकते, आणि पैसा कुठून आला हा प्रश्न उभा राहतो. एफडी मोडली असेल किंवा पीएफ आला असेल तर काही अडचण नाही, त्याचा कागद जोडा आणि कव्हरिंग लेटरमध्ये एक ओळ लिहा.

आपल्या फाईलमध्ये तिसऱ्या मेलची वाटणी अशी: मुलाच्या ३ सॅलरी स्लिप, फॉर्म १६ आणि रिटर्न, बाबांचं पेन्शन जमा होणारं खातं, आणि एफडी असेल तर तिची रिसीट, सुनेचं ज्या खात्यात फी जमा होते ते खातं, भले रक्कम लहान असो, आईंसाठी बाबांचं खर्च उचलण्याचं पत्र आणि बाबांचीच कागदपत्रं परत एक सेट. हा दुसरा सेट लोक देत नाहीत. प्रत्येक माणसाची फाईल वेगळी जाते, आईंच्या फाईलमध्ये बाबांचं स्टेटमेंट स्वतंत्र जोडलेलं हवं, "शेजारच्या फाईलमध्ये आहे" असं काउंटरवर सांगून भागत नाही.

फोटोही याच मेलमध्ये. ३५ बाय ४५ मिमी, पांढरी किंवा फिकट बॅकग्राउंड, ६ महिन्यांच्या आतला. "स्टुडिओत जाऊन शेंगेन व्हिसाचा फोटो असं सांगा" असंच लिहा, नुसतं "पासपोर्ट साइज" म्हटलं तर दुकानदार काहीही देतो. आणि जुने उरलेले फोटो देऊ नका हेही लिहा. पासपोर्ट तीन वर्षांपूर्वीचा आणि त्यातला नि फॉर्मवरचा फोटो एकच असेल, तर फोटो नवा नाही हे काउंटरवरच्या मुलीला एका नजरेत कळतं.

व्हिसा फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ च्या आतल्या मुलांना ४५, सहाच्या खाली नाही. सेंटरचा चार्ज वरून वेगळा. रुपयातला आकडा बदलत राहतो म्हणून मेलमध्ये "त्या दिवशीच्या दराने" असं लिहा, आणि नाकारला गेला तरी ही फी परत मिळत नाही हेही त्याच ओळीत.

## टप्पा ६: कागद कसे पाठवायचे ते सांगा, आणि आल्यावर लगेच उघडा

व्हॉट्सॲपवर चाळीस फोटो येतात, निम्म्यांत अंगठा दिसतोय, पासपोर्टवर ट्यूबलाइटची चमक. म्हणून प्रत्येक मेलच्या शेवटी हे दोन-तीन नियम टाका: स्कॅन ॲपने पीडीएफ करा, व्हॉट्सॲपवर पाठवलं तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, फोटो म्हणून नाही, आणि फाईलला नाव द्या. नावाचा नमुना द्या, नाहीतर `scan0001.pdf` पाच वेळा येतं.

```
Baba_Passport.pdf
Baba_Pension.pdf
Sun_MarriageCert.pdf
```

आधार मागत असाल तर मास्क्ड आधार मागा, ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. शेंगेनला मुळात आधारची गरज क्वचितच पडते, आपण सवयीने मागतो. नको असेल ते मागूच नका, चार लोकांचे सगळे कागद आपल्या मेलबॉक्समध्ये वर्षानुवर्षं पडून राहतात.

फाईल आली की त्याच दिवशी उघडा. "मिळालं, धन्यवाद" लिहून आठवड्याने बघितलं की शेवटचं पान नसतं, आणि तोवर क्लायंट गावी गेलेला असतो. मी उत्तरात काय आलं आणि काय बाकी एवढंच लिहिते: "बाबा: पासपोर्ट आला, पेन्शन ऑर्डर बाकी. आई: लग्नाचं सर्टिफिकेट बाकी." आलेलं परत लिहिलं की क्लायंटला कळतं आपण खरंच बघितलंय, आणि बाकीची यादी लहान होत जाताना दिसते.

तपासा, अपॉइंटमेंटच्या दोन दिवस आधी: तारखांचे सगळे कागद शेजारी ठेवा. टिकीट, हॉटेल, इन्शुरन्स, रजेचं पत्र, कव्हरिंग लेटर, फॉर्म. हॉटेलच्या ९ रात्रींत एकही रात्र मोकळी नको. पॅरिसचं चेकआउट १२ मे आणि स्वित्झर्लंडचं चेकइन १३ असं खूपदा निघतं, आणि नाइट ट्रेनचं टिकीट नसेल तर ती रात्र कुठे हा प्रश्न येतोच. रजा ८ ते १८ पूर्ण झाकते का तेही बघा, ७ पासून असली तरी चालेल, १७ ला संपत असली तर नाही.

## टप्पा ७: आदल्या दिवशीचा निरोप आणि व्हिसा आल्यावर

आदल्या दिवशी मेल नको, व्हॉट्सॲप करा, चार ओळी: वेळ, सेंटरचा पत्ता, ओरिजिनल पासपोर्ट नवे-जुने दोन्ही, अपॉइंटमेंटचं प्रिंट. बोटांचे ठसे द्यायला मोठ्यांना स्वतः जावं लागतं, १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. आधीच्या शेंगेन अर्जाला ठसे देऊन ५९ महिने झाले नसतील तर ते परत वापरले जाऊ शकतात, पण ते गृहीत धरून कोणाला घरी बसवू नका. घोडबंदरहून निघणार असतील तर सकाळच्या ट्रॅफिकचा वेगळा तास धरायला सांगा, स्लॉट चुकला की मे मधल्या ट्रिपसाठी दुसरा मिळणं कठीण.

पासपोर्ट परत आला की स्टिकर क्लायंटच्या आधी तुम्ही वाचा. नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट नंबर, कधीपासून कधीपर्यंत, किती दिवस राहता येईल, आणि एन्ट्री एक की मल्टिपल. तारखा आणि दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टिकरवर समजा ८ मे ते १ जून असं असलं आणि दिवस १० लिहिले असले, तर राहता १० दिवसच येतं, आणि येण्याचा दिवस नि जाण्याचा दिवस दोन्ही मोजले जातात. आपल्या फाईलचे ८ ते १७ मे असे बरोबर १० दिवस होतात, म्हणजे परतीची फ्लाइट एक दिवस पुढे ढकलायलाही जागा नाही. आकडा कमी पडत असेल किंवा स्पेलिंग चुकलं असेल तर त्याच दिवशी सेंटरला लेखी कळवा. आणि क्लायंटने दरम्यान टिकिटाची तारीख बदलली असेल तर इन्शुरन्स कंपनीला कळवून पॉलिसीची तारीखही बदलून घ्या, नवी पॉलिसी पीडीएफ सगळ्यांच्या फोनमध्ये आणि एक प्रिंट बाबांच्या हँडबॅगेत, प्रिस्क्रिप्शनसोबत.